परतीचा बाण : संप्रेरकांचे उत्तर ओघतक्त्यात कसे मांडावे

विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेवरील मागील लेखानंतर पालकांचे आणि मुलामुलींचे बरेच प्रश्न आले. त्यातले तीन एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वसमतच्या एका आईने विचारले, "मुलीला सगळ्या ग्रंथी आणि संप्रेरके तोंडपाठ आहेत, पण ओघतक्ता काढा म्हटले की तिचा हात थांबतो. असे का?" कळमनुरीचा बारावीतला मुलगा विचारतो, "सर, फीडबॅकच्या उत्तरात बाण उलटा कधी काढायचा?" आणि उर्दू माध्यमातून दहावी होऊन अकरावीला आलेल्या एका मुलीचा प्रश्न असा : "गुद्दा-ए-दरकिया, अवटु ग्रंथी आणि थायरॉईड या तीन ग्रंथी आहेत की एकच?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. ग्रंथी एकच आहे. ती गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. उर्दूत तिला गुद्दा-ए-दरकिया म्हणतात, मराठीत अवटु आणि इंग्रजीत थायरॉईड. तसेच गुद्दा-ए-नुखामिया म्हणजेच पीयूषिका, म्हणजेच पिट्यूटरी. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांना ज्ञान कमी नसते. एका वस्तूची तीन नावे डोक्यात फिरत असतात, म्हणून तक्त्यात एका चौकटीत एक नाव आणि दुसऱ्या चौकटीत दुसरे लिहिले जाते आणि एकाच ग्रंथीच्या दोन होतात. वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही नावे शेजारी शेजारी लिहून ठेवा. उत्तरात मात्र ज्या भाषेत पेपर आहे त्या भाषेतले एकच नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवा.

आता ओघतक्त्याकडे येऊ. उदाहरण अवटु ग्रंथीचेच घेतो. ते अभ्यासक्रमात आहे आणि आपल्या घरांतही आहे. कुणाची अम्मी, कुणाची खाला, कुणाची भाभी थायरॉईडची गोळी घेत असते, आणि रिपोर्टवरचे टीएसएच हे अक्षर घरातल्या सगळ्यांनी पाहिलेले असते.

चौकटीत काय, बाणावर काय

मुलांचे बहुतेक तक्ते एका कारणाने बिघडतात. चौकटीत कधी ग्रंथी, कधी संप्रेरक, कधी परिणाम, असे जे सुचेल ते लिहिले जाते, आणि बाण केवळ "यानंतर हे" एवढेच सांगतो. त्यावर उपाय म्हणून तीन गोष्टींना तीन जागा ठरवून द्या. चौकटीत फक्त अवयव किंवा ग्रंथी लिहावी. बाणावर त्या ग्रंथीतून निघणाऱ्या संप्रेरकाचे नाव लिहावे. आणि बाणाच्या टोकाशी अधिक किंवा उणे चिन्ह द्यावे. अधिक म्हणजे पुढच्या चौकटीचे काम वाढते, उणे म्हणजे ते कमी होते.

या नियमाने अवटु ग्रंथीचा तक्ता असा होतो :

अधश्चेतक (हायपोथॅलॅमस)
↓ टीआरएच (+)
पीयूषिका ग्रंथीचा पुढचा भाग
↓ टीएसएच (+)
अवटु ग्रंथी (येथे आयोडीन लागते)
↓ टी-४ आणि टी-३ (+)
शरीरातील पेशी : चयापचयाचा वेग वाढतो

परतीचे बाण :
टी-४, टी-३ → पीयूषिका (−)
टी-४, टी-३ → अधश्चेतक (−)

टी-४ म्हणजे थायरॉक्झिन. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून चार. टी-३ मध्ये तीन असतात. ग्रंथीतून जास्त करून टी-४ बाहेर पडते आणि पुढे उतींमध्ये त्यातला एक आयोडीन निघून टी-३ तयार होते. पेशींवर मुख्य काम टी-३ चेच आहे. तीन गुणांच्या उत्तराला एवढा तपशील लागत नाही, पण मुलाला तो माहीत असेल तर "येथे आयोडीन लागते" हे शब्द तो पाठ करून नव्हे, समजून लिहील.

वसमतच्या त्या मुलीचा हात कुठे थांबत असेल, हे या तक्त्यावरून कळते. वरून खाली येणारे तीन बाण तिला येतात, कारण पुस्तकातली वाक्येही त्याच क्रमाने येतात. खालून वर जाणारे दोन बाण मात्र वाक्यात कुठेतरी शेवटी, एखाद्या ओळीत असतात, आणि पाठांतरात तीच ओळ गळते. परतीचा बाण नसेल तर तक्ता फक्त हुकूम वरून खाली कसा जातो एवढे दाखवतो. हुकूम थांबतो कसा, हे त्यात येत नाही. प्रश्नात "फीडबॅक" किंवा "नियंत्रण" हा शब्द असेल, तर विचारलेली गोष्ट तीच असते.

एक फेरी मारून पाहा

कळमनुरीच्या मुलाला बाण उलटा कधी काढायचा हे हवे आहे. बाण परत न्यायचा तो जिथे शेवटचे संप्रेरक आधीच्या ग्रंथीवर परिणाम करते तिथे. चिन्ह बरोबर पडले की नाही, हे तपासायची एक रीत आहे. तक्त्यावर बोट ठेवून एक पूर्ण फेरी मारायची.

समजा रक्तातले टी-४ कमी झाले. बोट परतीच्या बाणावरून पीयूषिकेकडे न्या. तिथे उणे चिन्ह आहे. म्हणजे टी-४ पीयूषिकेला आवरून धरत होते, आता ते कमी झाले, म्हणून आवर सैल झाला आणि टीएसएच वाढले. आता टीएसएचच्या बाणावरून खाली या. तिथे अधिक चिन्ह आहे. टीएसएच वाढले म्हणून अवटु ग्रंथी जास्त काम करते आणि टी-४ वाढते. निघालो तेव्हा टी-४ कमी होते, फेरी पूर्ण झाली तेव्हा ते वाढत आहे. फेरीने सुरुवातीचा बदल उलटवला, म्हणून हा ऋण फीडबॅक.

फेरी मारल्यावर सुरुवातीचाच बदल आणखी वाढला, तर तो धन फीडबॅक. बाळंतपणातले ऑक्सिटोसिन त्याचे उदाहरण आहे. बाळाच्या दाबाने गर्भाशयाचे मुख ताणले जाते, त्याची वर्दी मेंदूकडे जाते, ऑक्सिटोसिन सुटते, कळा वाढतात, कळांनी ताण आणखी वाढतो. या फेरीत एकही उणे नाही. ती बाळ जन्मल्यावरच तुटते, कारण ताणच संपतो. अशा तक्त्यात फेरी कशाने थांबली हे वेगळे लिहावे लागते, नाहीतर उत्तर अर्धे राहते.

मुलांची नेहमीची चूक या फेरीत लगेच पकडली जाते. "टी-४ कमी झाले की टीएसएचही कमी होते" असे अनेक वह्यांत सापडते. वाचायला ते बरोबर वाटते, कारण एक कमी म्हणून दुसरे कमी. पण तसे असते तर फेरीगणिक दोन्ही घसरत गेले असते आणि शरीर सावरलेच नसते.

आयोडीन नसेल तर?

परीक्षेत एक आवडता प्रश्न असतो : आयोडीनच्या कमतरतेने गलगंड का होतो? मुले लिहितात, "आयोडीन कमी पडल्याने अवटु ग्रंथी सुजते." हे कारण झाले नाही, प्रश्नच परत लिहिला. कारण तक्त्यात आहे, ते तिथून वाचून काढायचे.

आयोडीन नाही, म्हणून टी-४ बनत नाही. टी-४ कमी, म्हणून पीयूषिकेवरचा आवर सैल. टीएसएच वाढले. टीएसएच अवटु ग्रंथीला दोन गोष्टी सांगते : संप्रेरक बनव आणि वाढ. कच्चा माल नसल्यामुळे पहिला हुकूम ग्रंथीला पाळता येत नाही. दुसरा ती पाळते. तिच्या पेशी वाढतात, संख्येनेही आणि आकारानेही, आणि गळ्यावर गाठ दिसू लागते. ग्रंथी मोठी आणि संप्रेरक कमी, हे कोडे वाटते. पण परतीचा बाण काढला की ते आपोआप सुटते. उत्तर लिहिताना मुख्य तक्ता पुन्हा काढावा, "टी-४" पुढे खाली जाणारा छोटा बाण आणि "टीएसएच" पुढे वर जाणारा छोटा बाण दाखवावा आणि शेवटी "ग्रंथीची वाढ : गलगंड" लिहावे.

कागदावरची ही फेरी आपल्या देशात माणसांवर तपासली गेली आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोरे आहे. डोंगराळ भागातल्या पावसाने आणि बर्फाने मातीतले आयोडीन धुऊन जाते, त्यामुळे तिथे गलगंड घरोघरी होता. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाहणी सुरू केली. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन मिसळलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांनी आयोडीनयुक्त मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड स्पष्ट कमी झाला, साध्या मिठाच्या भागात झाला नाही. नंतर त्या तिसऱ्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ दिले आणि तिथेही तो उतरला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आपल्या स्वयंपाकघरापुरता हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला सुमारे २५०. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पोहोचताना दर ग्रॅमला निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असे ठरलेले आहे. म्हणजे दिवसाला १० ग्रॅम मिठातून गरज भागते. डबा उघडा राहिला, मिठाला ओल लागली, तर आयोडीन घटते. आठवडी बाजारातून घेतलेल्या खुल्या जाड्या मिठात ते असेलच असे नाही, म्हणून पाकिटावरचे अक्षर वाचून घ्यावे.

घरातला रिपोर्ट तक्त्यावर ठेवून पाहा

ओघतक्ता खरोखर समजला का, हे पाहायला एक सराव देतो. समजा एका रिपोर्टवर टीएसएच २२ आहे आणि टी-४ नेहमीच्या मर्यादेखाली. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते. मुलाला विचारा : बिघाड कोणत्या चौकटीत?

टीएसएच जास्त आहे, म्हणजे पीयूषिका आपले काम करते आहे, उलट ओरडून सांगते आहे. टी-४ तरीही कमी, म्हणजे हुकूम पोहोचूनही माल निघत नाही. बिघाड अवटु ग्रंथीच्या चौकटीत. कारण आयोडीनची कमतरता असू शकते, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलेली असू शकते.

आता दुसरा रिपोर्ट. टी-४ जास्त, टीएसएच जवळजवळ शून्य. वर शांतता आहे आणि खाली कारखाना धडधडतो आहे. ग्रंथी हुकमाविना चालते आहे. ग्रेव्हज नावाच्या आजारात शरीर अशी प्रतिपिंडे बनवते जी टीएसएचच्या जागी जाऊन बसतात आणि खोटा हुकूम देतात. टी-४ वाढल्याने पीयूषिका टीएसएच थांबवते, पण खोटा हुकूम देणाऱ्या प्रतिपिंडांवर परतीच्या बाणाची सत्ता नाही, म्हणून ग्रंथी थांबत नाही.

तिसरा रिपोर्ट मुलांना फसवतो. टी-४ कमी आहे आणि टीएसएच वाढायला हवे ते वाढलेले नाही. फेरी मारून पाहिली तर ती पीयूषिकेपाशी अडते. आवर सैल झाला तरी तिथून हुकूम निघत नाही. बिघाड वरच्या चौकटीत आहे, पीयूषिकेत किंवा क्वचित अधश्चेतकात.

ही तीन उदाहरणे अभ्यासासाठी आहेत. घरातल्या माणसाचे निदान डॉक्टरांनीच करावे, कारण गरोदरपण, इतर औषधे, इतर आजार यांनीही हे आकडे हलतात. पण तक्ता समजलेल्या मुलाला दोन गोष्टी कळतात. डॉक्टर आधी टीएसएच का पाहतात? कारण टी-४ थोडेसे घसरले तरी टीएसएच कित्येक पटींनी चढते, बिघाड तिथे आधी दिसतो. आणि गोळीचे प्रमाण बदलल्यावर सुमारे सहा आठवडे थांबून पुन्हा तपासणी का? रक्तातले टी-४ निम्मे व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, म्हणून नवी पातळी स्थिर व्हायला आणि पीयूषिकेला ती ओळखायला वेळ लागतो. ओघतक्ता दिशा दाखवतो, वेळ दाखवत नाही. ही त्याची मर्यादा आहे, आणि "किती वेळाने" असा प्रश्न आला तर ते बाणाशेजारी शब्दांत लिहावे लागते.

सरळ साखळी आणि गोल फेरी

आणखी एक घोटाळा उत्सर्जनाच्या आणि पचनाच्या प्रश्नांत होतो. फीडबॅक शिकल्यावर मुले प्रत्येक तक्त्याला परतीचा बाण लावू लागतात. शरीरातल्या सगळ्याच क्रिया गोल नसतात. मूत्र तयार होणे ही सरळ साखळी आहे : ग्लोमेरुलसमध्ये रक्त गाळले जाते, नलिकेत उपयोगी पदार्थ परत शोषले जातात, काही नको असलेले पदार्थ नलिकेत सोडले जातात, उरते ते मूत्र. इथे चौकटीत क्रिया लिहायची आणि तिच्याखाली जागा. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि बाहेर पडतो साधारण दीड लिटर. बाकीचे सगळे परत रक्तात जाते.

मग संप्रेरकाची फेरी कुठे येते? ती या साखळीच्या एकाच चौकटीला, शेवटच्या भागातल्या पाण्याच्या शोषणाला, बाजूने येऊन मिळते. उन्हाळ्यातला रोजा डोळ्यांसमोर आणा. दुपार झाली, घाम गेला, सेहरीनंतर पाण्याचा थेंब नाही. रक्तातले पाणी घटले, क्षारांचे प्रमाण चढले. अधश्चेतकातल्या पेशींना ते लगेच कळते. एडीएच नावाचे संप्रेरक रक्तात सुटते. ते मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांना पाणी जास्त शोषायला लावते. लघवी कमी आणि गडद होते, पाणी शरीरात राहते. तक्ता असा :

रक्तातील पाणी घटते
↓
अधश्चेतकाला जाणीव
↓
पीयूषिकेच्या मागच्या भागातून एडीएच
↓ (+)
संग्राहक नलिकांत पाण्याचे शोषण वाढते
↓
पाण्याची घट मंदावते. परतीचा बाण → अधश्चेतक (−)

इथे पहिल्या चौकटीत अवयव नाही, शरीराची स्थिती आहे. अशा चौकटीला गोल किंवा लंबगोल आकार द्या, म्हणजे तपासणाऱ्याला फरक दिसतो. दुसरी काळजी नावाची. एडीएच बनते अधश्चेतकात, साठते आणि सुटते पीयूषिकेच्या मागच्या भागातून. टीएसएच मात्र पुढच्या भागात बनते. "पीयूषिका" एवढेच लिहून मुले हा भेद सोडतात.

शेवटच्या ओळीत "पाणी वाढते" असे न लिहिता "घट मंदावते" असे लिहिले आहे, तेही मुद्दाम. एडीएच नवे पाणी आणत नाही, असलेले राखते. युरिया बाहेर टाकायचा तर कितीही एडीएच सुटले तरी दिवसाला साधारण अर्धा लिटर लघवी जावीच लागते, घाम आणि श्वास यांतून जाते ते वेगळे. तूट भरून निघते ती इफ्तारला पाणी पोटात गेल्यावर. मग क्षारांचे प्रमाण उतरते, एडीएच थांबते आणि तासा-दोन तासांत लघवीचा रंग फिका पडतो. तहान ही याच फेरीची दुसरी शाखा आहे. रोजात ती लागते, पण मगरिबपर्यंत तिचा बाण पुढे जात नाही. ही शाखा तक्त्यात तुटक रेषेने दाखवता येते.

सरावासाठी

तीन तक्ते मुलांनी पुस्तक न पाहता काढावेत आणि प्रत्येकावर बोटाने एक फेरी मारावी. पहिला, जेवणानंतर रक्तातली साखर वाढते तेव्हा इन्सुलिनचा. दुसरा, उपाशीपोटी साखर उतरते तेव्हा ग्लुकागॉनचा. दोन्ही संप्रेरके एकाच स्वादुपिंडातून, पण वेगवेगळ्या पेशींतून येतात, म्हणून दोन चौकटी लागतील. तिसरा, टी-४ ची गोळी सुरू केल्यावर अवटु ग्रंथीच्या तक्त्यात काय बदलते त्याचा. गोळी कोणत्या बाणावर येऊन मिळते आणि तिच्यामुळे टीएसएच वाढेल की उतरेल, एवढेच लिहायचे. गोळी घेणाऱ्या अम्मीजवळ बसून हा तिसरा तक्ता काढला तर फेरी बरोबर आली का, ते तिच्या पुढच्या रिपोर्टवर पाहता येईल.